नंबर विकत घेतला म्हणून तो हवा तसा लिहिता येतो का?

पत्र

माझ्या मुलाचं वय बावीस. तीन वर्षांपूर्वी नवी बाईक घेतली, ती माझ्या नावावर आहे. हट्टाने पैसे भरून 4141 हा नंबर घेतला होता. आता त्याने शोरूमने लावलेली नंबरप्लेट काढून रेडियमच्या दुकानातून दुसरी करून आणली आहे. त्यावर नंबर ‘दादा’ असा वाचता येतो. शहरात गेला की सिग्नलच्या आधी मागच्या प्लेटवर रुमाल अडकवतो, हे मला शेजारच्या मुलाकडून कळलं. विचारलं तर म्हणतो, “नंबर आपला आहे, पैसे मोजलेत. पकडलं तर पाचशे रुपये देऊ.” घरात रोज वाद नको वाटतो. एवढ्याशा गोष्टीवरून ताणावं की वयानुसार सुटेल म्हणून सोडून द्यावं?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, वाद घालण्याआधी एक काम शांतपणे, एकट्याने करा. mahatrafficechallan.gov.in या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाका. चासी आणि इंजिन नंबर आरसी बुकावर मिळतील. तुमच्या गाडीवर किती चलानं थकली आहेत ते तिथे दिसेल, आणि बऱ्याच चलानांसोबत फोटोही असतो. गाडी तुमच्या नावावर असल्यामुळे ही सगळी नोंद तुमच्याच नावाने होते. काहीच निघालं नाही तर चांगलंच. पण निघालं, तर पुढचं बोलणं शेजारच्या मुलाच्या सांगण्यावरून सुरू न होता कागदावरून सुरू होईल.

आता तुमच्या मुलाचं पहिलं म्हणणं घेऊ, कारण ते मनापासून आलेलं आहे आणि अनेक मुलांना ते खरं वाटतं. नंबर आपला, पैसे आपण भरले. तर त्या पैशांत नक्की काय मिळालं? चॉइस नंबरसाठी आरटीओत शुल्क भरलं की तो नंबर दुसऱ्या कुणाला न देता तुमच्या गाडीला दिला जातो. तेवढाच हक्क मिळतो. तो कसा लिहायचा, किती उंचीचा, कोणत्या लिपीत, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातल्या नियम ५० आणि ५१ मध्ये ठरलेलं आहे, आणि चॉइस नंबर असो की रांगेत आलेला, दोघांना नियम एकच. अक्षरं इंग्रजी, अंकही इंग्रजी. मराठीत लिहिलेली प्लेट मला स्वतःला कितीही आपली वाटली तरी या नियमात बसत नाही. वेलबुट्टीची अक्षरं चालत नाहीत. नंबरच्या जागेत नाव, चित्र किंवा नक्षी चालत नाही.

मापंही ठरलेली आहेत. तुमच्या मुलाच्या बाईकसारख्या मोटारसायकलच्या मागच्या प्लेटवर अक्षरांची उंची ३५ मिलिमीटर आणि अंकांची ४० मिलिमीटर हवी. रेघेची जाडी ७ मिलिमीटर, आणि दोन अक्षरांमधली मोकळी जागा ५ मिलिमीटर. पुढच्या प्लेटवर उंची ३०, जाडी ५ आणि अंतर ५ मिलिमीटर. शाळेतली पट्टी घेऊन मोजता येतील अशी ही साधी मापं आहेत, आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं आहे ते मधल्या मोकळ्या जागेचं. ते का, हे 4141 च्या उदाहरणातच नीट कळतं.

‘दादा’ कसा तयार होतो पाहा. इंग्रजी चारला थोडं वळवलं की तो द सारखा दिसतो, शेजारचा एक त्याचा काना होतो, आणि वरून एक शिरोरेषा ओढली की शब्द पूर्ण. पण शिरोरेषा ओढताच चार अंकांमधली ती पाच मिलिमीटरची जागा नाहीशी होते. चौकातले कॅमेरे नंबर वाचतात तेव्हा आधी एकेक अक्षर सुटं करतात आणि मग ते कोणतं हे ओळखतात. अंक एकमेकांना जोडले की कॅमेऱ्याला चार आकडे दिसत नाहीत, एक सलग आकृती दिसते. ती वाचताच येत नाही, किंवा चुकीची वाचली जाते. नियम करताना कुणी सौंदर्यदृष्टीवर राग काढलेला नाही, रेघेची जाडी आणि अंतर हे वाचता येण्यासाठी ठरवलेलं आहे.

याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे, आणि ती रेडियमवाल्याच्या दुकानात कुणीच सांगत नाही. ‘दादा’ मोठा दिसावा म्हणून वरची ओळ बारीक केली जाते. एमएच, जिल्ह्याचा क्रमांक आणि मालिकेची अक्षरं कोपऱ्यात चिमुकल्या टायपात ढकलली जातात. पण गाडी ओळखू येते ती त्या वरच्या ओळीमुळे. 4141 हा आकडा साताऱ्यात एकच नाही. नोंदणीची प्रत्येक मालिका ९९९९ पर्यंत जाते आणि मग पुढची अक्षरं सुरू होतात, म्हणजे प्रत्येक मालिकेत एक 4141 येतो. पुण्यात वेगळे, कोल्हापुरात वेगळे. फॅन्सी प्लेट गाडीचा जो भाग इतर अनेक गाड्यांसारखा आहे तो ठळक करते, आणि जो फक्त आपला आहे तोच झाकून टाकते.

याचा परिणाम एका प्रसंगातून पाहा. समजा साताऱ्यातच दुसऱ्या मालिकेतला 4141 कुणाकडे आहे आणि त्यानेही ‘दादा’ करून घेतला आहे. एका संध्याकाळी तो कुणाला तरी धक्का देऊन न थांबता निघून जातो. रस्त्यावरच्या माणसाला काय आठवेल? काळी बाईक, मागे ‘दादा’ लिहिलेलं. वरची ओळ त्याने वाचलेलीच नसते, कारण ती वाचण्याजोगी नसते. आता तपास करणारा माणूस त्या परिसरातल्या 4141 वाल्या बाइकी शोधायला लागतो आणि एक दिवस तुमच्या दारात उभा राहतो. मुलगा त्या वेळी घरी जेवत होता हे तुम्हाला माहीत आहे, पण ते पटवून द्यायचं काम आता तुमच्या गळ्यात पडलेलं असतं. नीट लिहिलेली प्लेट असती तर मालिकेच्या दोन अक्षरांवरून विषय तिथेच संपला असता. मुलाशी बोलताना दंडापेक्षा हे सांगा. त्याला वाटतं की त्या प्लेटमुळे तो सगळ्यांत वेगळा दिसतो, आणि खरं तर तिच्यामुळे त्याला दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येत नाही.

आता “पाचशे देऊ” या हिशोबाकडे येते. तो अर्धा बरोबर आहे, म्हणूनच धोक्याचा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ हे ज्या नियमभंगाला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्यांच्यासाठी आहे. त्यात पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. मुलाच्या मित्रांना बहुधा याच कलमाची पावती मिळाली असेल. पण याच कायद्याचं कलम ३९ वाचा. गाडी नोंदवलेली हवी, एवढंच ते म्हणत नाही. नोंदणीचा क्रमांक ठरवून दिलेल्या पद्धतीने लावलेला असल्याशिवाय गाडी चालवू नये, असं त्यात स्पष्ट आहे. आणि कलम ३९ मोडल्याची शिक्षा कलम १९२ मध्ये आहे. पहिल्या वेळी किमान २,००० आणि कमाल ५,००० रुपये. दुसऱ्या वेळी किमान ५,००० आणि कमाल १०,००० रुपये दंड, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. कारण नोंदवून कमी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण सुरुवात या आकड्यांपासून होते. शिवाय कलम ३९ मोडून गाडी वापरली जात असेल तर कलम २०७ खाली ती ताब्यात घेता येते. म्हणजे एकाच प्लेटवर अडवणाऱ्या अधिकाऱ्याने कोणतं कलम लावलं यावर मुलगा पाचशेची पावती घेऊन पुढे जाईल की बस पकडून घरी येईल हे ठरतं.

ताई, या दोन कलमांत तुमच्यासाठीही एक ओळ आहे. कलम ३९ चालवणाऱ्यापुरतं थांबत नाही. मालकानेही अशी गाडी दुसऱ्याला चालवू देऊ नये, असं ते म्हणतं, आणि कलम १९२ सुद्धा ‘चालवतो किंवा वापरू देतो’ अशा दोघांना धरतं. आरसी बुकावर नाव तुमचं आहे. आजवर तुम्हाला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक आहे. म्हणून “वयानुसार सुटेल” हा पर्याय मी तुमच्यापुढे ठेवू शकत नाही. वाट पाहण्याच्या त्या काळात जबाबदारी त्याच्या वयाची राहत नाही, तुमच्या सहीची होते. काही आईवडील अशा वेळी गाडी मुलाच्या नावावर करून मोकळे होतात. तुम्हालाही कुणी ते सुचवेल. नाव बदलणं वाईट नाही, कमावता झाला की कराच. पण त्याने प्लेट नियमात येत नाही, फक्त पावतीवरचं नाव बदलतं, आणि थकलेली चलानं आधी भरावी लागतात ती वेगळीच.

रुमालाची गोष्ट मी फॅन्सी प्लेटपेक्षा वरची मानते. हौसेने वळवलेल्या अक्षरांत वाईट हेतू असेलच असं नाही. पण सिग्नल जवळ आल्यावर अडकवलेला आणि पुढे गेल्यावर काढलेला रुमाल हेतू स्वतःच सांगतो. प्लेट वरच्या बाजूला दुमडणं, एका अंकावर काळी चिकटपट्टी लावणं, चिखल तसाच ठेवणं, मागे बसणाऱ्याने पायाने किंवा ओढणीने झाकणं, हे सगळं त्याच रांगेतलं. कॅमेऱ्याला नंबर मिळाला नाही तरी फोटो राहतो, आणि त्या फोटोत झाकलेली प्लेट पुरावा म्हणून दिसते. चिकटपट्टीने ८ चा ३ केला तर गोष्ट पूर्णपणे बदलते. तेव्हा तो नियमभंग राहत नाही, दुसऱ्याच्या नंबरावर गाडी चालवणं होतं, आणि त्यासाठी भारतीय न्याय संहितेखाली फसवणूक आणि बनावटीकरणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. बावीस वर्षांच्या मुलाच्या नोकरीच्या अर्जात पोलीस पडताळणीची वेळ येते तेव्हा पाचशेच्या पावतीचा कुणी विचार करत नाही, पण गुन्ह्याच्या नोंदीचा करतात. तुमचा मुलगा रुमालापर्यंतच आहे. तिथेच थांबवा.

न कळत झाकणारी मंडळीही बरीच आहेत, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मागच्या कॅरिअरवरून लोंबणारं पोतं, प्लेटसमोरून जाणारा गार्ड, चकाकी देणारं पारदर्शक प्लास्टिकचं आवरण, आणि बंद पडलेला प्लेटचा दिवा, या चारही गोष्टींमुळे नंबर वाचता येत नाही. मागच्या प्लेटवर पांढरा उजेड पाडणारा दिवा चालू असणं हाही नियमाचाच भाग आहे, आणि तो गेलेला आहे हे मालकाला सहसा सगळ्यांत शेवटी कळतं.

आता प्लेट परत आणायची कशी. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे लोक जिला एचएसआरपी म्हणतात ती, शोरूममधूनच लावून येते. मुलाने काढली ती हीच. ती ॲल्युमिनियमची असते. डाव्या कोपऱ्यात वर अशोकचक्राचा चकाकणारा छाप असतो, खाली लेझरने कोरलेला किमान दहा अंकी क्रमांक असतो, डाव्या बाजूला निळ्या रंगात आयएनडी ही अक्षरं असतात आणि नंबरच्या अक्षरांवर तिरक्या ओळीत इंडिया उमटलेलं असतं. पुढच्या आणि मागच्या प्लेटचा लेझर क्रमांक वेगळा असतो आणि दोन्ही तुमच्या गाडीच्या नोंदीला जोडलेले असतात. रेडियमवाला हुबेहूब दिसणारी प्लेट करून देईल, वरती चक्राचा स्टिकरही लावेल, पण नोंदीतला तो क्रमांक त्याच्याकडे नसतो. म्हणून “नीट अक्षरांत नवीन करून घेऊ” हा मधला मार्ग इथे चालत नाही.

मुलाला आधी विचारा, मूळ प्लेट कुठे आहे. बहुतेक वेळा ती माळ्यावर किंवा दुकानदाराकडे असते. प्लेट ज्याने बसवतात ते स्नॅप लॉक एकदाच वापरता येतं, काढताना ते तुटतं आणि तुटावं म्हणूनच बनवलेलं असतं. प्लेट सरळ आणि शाबूत असेल तर ती घेऊन बाईकच्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जा आणि नव्या लॉकने बसवून देण्याबद्दल विचारा. साध्या स्क्रूने घरी बसवली की अडवणारा पहिला माणूस लॉककडेच बोट दाखवतो. प्लेट वाकली किंवा तुटली असेल तर विक्रेत्यामार्फत किंवा प्लेट बनवणाऱ्या कंपनीच्या पोर्टलवर खराब झालेल्या प्लेटच्या बदली नवी मागवता येते. हरवली असेल तर पोलिसांतल्या तक्रारीची प्रत मागतात. इथे एक विनंती आहे. प्लेट घरात असताना किंवा मुलाने स्वतः टाकून दिलेली असताना ‘चोरीला गेली’ अशी तक्रार कुणी सांगितली तरी लिहू नका. चोरीला गेलेल्या प्लेटची नोंद तुमच्याच नंबरावर चिकटते, आणि खोटी तक्रार हा आज नसलेला नवा गुन्हा होतो.

ज्या वाचकांची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे त्यांनाही महाराष्ट्रात आता हीच प्लेट बसवायची आहे. दुचाकीसाठी शासनाने ठरवलेला दर ४५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये आहे. बुकिंग transport.maharashtra.gov.in या परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच पुढे जाऊन करा. शोधयंत्रात पहिल्या दिसणाऱ्या दुव्यावर पैसे भरून फसलेली माणसं आहेत. इलेक्ट्रिक बाईकची प्लेट हिरवी असते आणि खासगी असल्यास अक्षरं पांढरी, ती पाहून पेट्रोलच्या गाडीला हिरवी प्लेट कुणी लावू नये. रंगालाही अर्थ असतो, पेट्रोलच्या खासगी गाडीला पांढऱ्यावर काळीच हवी.

मुलाशी बोलायचं कसं, यावर तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं. कायद्याची कलमं पहिल्या दिवशी काढू नका. संध्याकाळी दिवेलागणीला त्याला अंगणात बोलवा, बाईक उभी करायला सांगा आणि पंधरा पावलांवरून त्याच्याच मोबाइलने मागून एक फोटो काढायला सांगा. मग गाडीकडे न बघता, फक्त फोटोवरून पूर्ण नंबर एमएचपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला सांगा. त्याला तो पाठ आहे, म्हणून घरात आलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. ‘दादा’ सगळे वाचतील. वरची ओळ बहुधा कुणी वाचणार नाही. मग विचारा, आज रात्री बाईक चोरीला गेली आणि नाक्यावर तुझ्या मित्राने ती जाताना पाहिली, तर तो पोलिसांना काय सांगेल? हा प्रश्न त्याच्या गाडीवरच्या प्रेमाला भिडतो, आणि त्या प्रेमापोटीच तर त्याने हे सगळं केलं आहे.

हौस मारून टाकायची नाही, तिची जागा बदलायची. ‘दादा’ हे नाव टाकीवर किंवा हेल्मेटवर लिही म्हणा, रेडियमवाल्याचे पैसेही मी देते म्हणा. नियमातल्या प्लेटवर त्याचा 4141 चाळीस मिलिमीटर उंचीचा, काळा, सुटसुटीत उभा राहीलच. ज्याला तो आकडा ओळखू येतो त्याला तो तसाही ओळखू येतो.

आणि इतकं करूनही तो नाहीच म्हणाला, तर किल्ली तुमच्याकडे ठेवा. रागावून नाही, सांगून. “गाडी माझ्या नावावर आहे, अशी चालवायला दिली तर कायद्याने मीही जबाबदार आहे, प्लेट बसली की किल्ली तुझी.” एकदाच सांगा आणि त्यावर दोन-तीन दिवस टिका. कामावर जायला त्याला गाडी लागते, त्यामुळे हे फार लांबणार नाही.

नवी प्लेट बसली की तिथेच उभं राहून आरसी बुकाशी नंबर अक्षरन् अक्षर ताडून घ्या, पुढे-मागे दोन्हीकडे. लेझर क्रमांकाचा जवळून फोटो काढून ठेवा आणि लॉक हाताने ओढून पाहा. काढलेली ‘दादा’ची प्लेट आठवण म्हणून डिकीत किंवा माळ्यावर ठेवू देऊ नका, आणि भंगारात अख्खी देऊ नका. तुमच्या गाडीचा नंबर लिहिलेली मोकळी प्लेट कुणाच्याही गाडीला लागू शकते. पत्र्याच्या कात्रीने नंबरच्या मधून कापा, शक्यतो मुलाच्याच हाताने, आणि मग टाका.